सोफा विकताय? फोटोत काय दिसते, काय लपते आणि योग्य किंमत कशी काढायची?

‘सोफा विकणे आहे. थ्री-सीटर. कंडिशन एकदम छान. किंमत १८,००० रुपये. इच्छुकांनी मेसेज करावा.’ सोबत दोन फोटो. एक रात्री ट्यूबलाइटमध्ये काढलेला, दुसरा दुकानाच्या वेबसाइटवरून उचललेला.

अशा जाहिराती सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, ओएलएक्सवर, फेसबुक मार्केटप्लेसवर रोज दिसतात. पुढे काय होते, ते समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. पुण्यात कोथरूडला भाड्याने राहणारे एक जोडपे बदली होऊन दुसऱ्या शहरात चालले आहे. महिनाअखेरीला फ्लॅट रिकामा करून द्यायचा आहे. वरची जाहिरात त्यांची. हडपसरहून एक तरुण टेम्पो घेऊनच आला. सोफ्याच्या डाव्या बाजूला बसला, तर एकदम खाली गेला. ‘ताई, फोटोत तर असं काही दिसत नव्हतं,’ एवढे म्हणून तो निघाला. टेम्पो रिकामा परत गेला, भाडे त्याच्या खिशातून गेले आणि जोडप्याच्या हातातले चार दिवसही. आता उरले १२ दिवस.

सोफा वाईट नव्हता. जाहिरात आणि किंमत दोन्ही चुकली होती. मग तोच सोफा नीट कसा विकायचा?

फोटोत झीज दिसत का नाही?

झीज म्हणजे बहुतेक वेळा पृष्ठभागावरचा उंच-सखलपणा. गादीचा खोलगटपणा, कापडावर आलेले बारीक गोळे, मांजराच्या नखांनी उचललेले धागे, हे सगळे डोळ्यांना सावलीमुळे कळते. मोबाइलचा फ्लॅश किंवा समोरचा दिवा समोरूनच प्रकाश टाकतो. सावली पडतच नाही, त्यामुळे दबलेली गादीही सपाट दिसते. विकणाऱ्याने लपवायचे ठरवले नसले, तरी फोटो लपवतो.

दुसरी गोष्ट रंगाची. पिवळ्या बल्बखाली राखाडी कापड बदामी दिसते. खरेदीदार बदामी सोफा घ्यायला येतो आणि समोर राखाडी पाहून नाराज होतो. तिसरी गोष्ट लेन्सची. छोट्या खोलीत सोफा मावावा म्हणून अनेक जण ‘०.५ एक्स’वर फोटो काढतात. त्यात जवळची बाजू फुगते, लांबची बारीक होते. सहा फुटी सोफा आठ फुटी वाटतो.

उपाय सोपा आहे. सकाळी दहा-अकराच्या सुमारास खिडकीचा प्रकाश बाजूने येत असताना, घरातले दिवे आणि फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा. दोन-अडीच मीटर मागे सरका, कॅमेरा ‘१ एक्स’वर ठेवा आणि मोबाइल बसायच्या उंचीपेक्षा थोडा वर धरा. एका फोटोत सोफ्यावर पांढरा कागद ठेवा. कागद पांढरा दिसत असेल, तर कापडाचा रंगही साधारण खरा आला आहे, असे समजायला हरकत नाही. फोटोवर कोणताही फिल्टर लावू नका.

कोणते फोटो हवेत?

आठ फोटो पुरतात. समोरून पूर्ण सोफा, दोन्ही बाजू, पाठीमागची बाजू, बसायच्या गाद्या वरून, खालची बाजू, सगळ्यात मोठा दोष जवळून, आणि मेजरटेप लावून लांबी.

यातला खालच्या बाजूचा फोटो जवळपास कोणीच टाकत नाही, पण जाणकार खरेदीदार तोच आधी मागतो. दोघांनी मिळून सोफा पुढच्या बाजूला कलता केला की तळाला शिवलेले पातळ काळे कापड दिसते. ते फाटलेले आहे का, पाय हलतात का, लाकडावर भुंग्याची बारीक भोके किंवा वाळवीच्या मातीच्या रेघा आहेत का, हे तिथे कळते. सोफ्याखालच्या फरशीवर पिठासारखी भुकटी पडत असेल, तर लाकूड पोखरले जात आहे, असे समजावे. ते आधी बघावे आणि मगच विकायचे की नाही ते ठरवावे.

दोषाचा फोटो अगदी जवळून आणि मग थोड्या अंतरावरून असा दोनदा काढा. नुसता जवळचा फोटो असेल, तर नखाएवढा डाग वीतभर वाटतो. शेजारी दहा रुपयांचे नाणे ठेवले की आकाराचा प्रश्न मिटतो.

आणखी एक काळजी. फोटोच्या मागे मुलांचे फोटो, दारावरचा फ्लॅट क्रमांक किंवा कुरिअरच्या खोक्यावरचा पत्ता दिसत नाही ना, ते पाहा.

गादी किती दबली, हे मोजायचे कसे?

‘थोडी दबली आहे’ या वाक्याचा अर्थ प्रत्येकासाठी वेगळा. म्हणून मोजणे बरे. सोफ्याच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत सुतळी ताणून बांधा. सुतळीपासून प्रत्येक गादीच्या मधोमध सरळ खाली टेपने अंतर घ्या. कोथरूडच्या सोफ्यात हे अंतर उजवीकडे २० सेंटिमीटर, मध्ये २० आणि डावीकडे २४ आले. म्हणजे डावी जागा ४ सेंटिमीटर दबलेली. टीव्हीसमोरची जागा घरात एकाचीच ठरलेली असते, तिथला हा परिणाम.

पण नेमके दबले काय? गादीतला फोम, की गादीखालचा आधार? हे ओळखायला गाद्या सुट्या असतील, तर एकच काम करायचे. डावी गादी मध्ये ठेवायची आणि मधली डावीकडे. पुन्हा सुतळीपासून मोजायचे.

खोलगटपणा गादीबरोबर मध्ये सरकला, तर दोष फोमचा. तो स्वस्तात सुटतो, कारण गादीची चेन उघडून आतला फोम बदलता येतो. खोलगटपणा डावीकडेच राहिला, तर दोष खालच्या आधाराचा. तिथे नागमोडी स्प्रिंगा किंवा ताणलेले इलॅस्टिक पट्टे असतात. स्प्रिंगची क्लिप निघाली असेल, तर बसताना ‘टक्’ असा आवाज येतो. पट्टा सैल झाला असेल, तर आवाज येत नाही, पण माणूस खाली खाली जातो. या दुरुस्तीला तळाचे कापड उसवावे लागते आणि कारागिराला घरी बोलवावे लागते.

कोथरूडच्या सोफ्यात खोलगटपणा गादीबरोबर सरकला. म्हणजे फोम. जाहिरातीत हे एक वाक्य आले असते, तर हडपसरचा तरुण कदाचित परत गेला नसता. ‘सोफा गेलाय’ आणि ‘एका गादीचा फोम बदलायला झालाय’ यात खूप फरक आहे.

फोटो पाहून वाक्य कसे लिहायचे?

‘कंडिशन छान’, ‘लाइटली यूज्ड’, ‘नवीनसारखा’ हे शब्द वाचणाऱ्याला काहीच सांगत नाहीत. फोटो समोर ठेवा आणि प्रत्येक दोषासाठी तीन गोष्टी लिहा. कुठे आहे, केवढा आहे, आणि त्यामुळे वापरात काय फरक पडतो.

कोथरूडचा सोफा याच पद्धतीने पाहू. पहिल्या फोटोत पाठीच्या वरच्या कडेला, डोके टेकते तिथे, कापड काळपट दिसते. तो केसांच्या तेलाचा डाग. ‘थोडे डाग’ असे लिहिण्याऐवजी असे लिहिता येते: ‘डाव्या आणि मधल्या पाठीला डोके टेकते तिथे तेलामुळे कापड काळपट झाले आहे, साधारण हातभर लांब. घरी पुसून पाहिले, पूर्ण जात नाही.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे. ‘धुतले की जाईल’ असे विकणाऱ्याने स्वतः धुऊन पाहिल्याशिवाय लिहू नये.

दुसऱ्या फोटोत उजव्या हाताच्या पुढच्या बाजूला मांजराचे ओरखडे. ‘१२ सेंटिमीटरच्या पट्ट्यात धागे उचललेले, कापड फाटलेले नाही.’ तिसऱ्या फोटोत खिडकीकडची बाजू थोडी फिकी. ‘उजवी बाजू उन्हाने एक छटा फिकी आहे, पाठीमागच्या बाजूशी तुलना केली तर कळते.’ खालच्या फोटोत मागचा एक पाय हलतो. हा पाय मात्र जाहिरातीत लिहिण्यापेक्षा दुरुस्त करणेच सोपे. स्क्रू घट्ट केला, काम झाले. पाच मिनिटांत सुटणारा दोष तसाच ठेवला, तर खरेदीदाराला सगळा सोफाच खिळखिळा वाटतो.

साहित्याचे नाव लिहिताना विशेष सांभाळायला हवे. रेक्झिनला ‘लेदर’ लिहिणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. खात्री नसेल, तर तळाला किंवा चेनच्या आत कापलेली कड शोधा. मागे विणलेले कापड दिसले, तर ते कृत्रिम. खऱ्या चामड्याची मागची बाजू तंतुमय, सुएडसारखी असते. कृत्रिम लेदरवरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत हळूहळू विघटित होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. मुंबई आणि कोकणातल्या अनेकांना सोफ्यावरून उठल्यावर कपड्यांना चिकटलेले तपकिरी तुकडे ओळखीचे असतील. एकदा पापुद्रे सुटू लागले की पॉलिशने थांबत नाहीत, पूर्ण कव्हर बदलावे लागते. त्यामुळे टाचणीएवढा पापुद्रा सुटला असेल, तरी तो फोटोत आणि शब्दांत दोन्हीकडे यायला हवा.

लाकडाचेही तसेच. बिलावर ‘सागवान’ असेल, तर ‘बिलानुसार सागवान’ लिहा. बिल नसेल आणि माहीत नसेल, तर ‘लाकडी फ्रेम, कुरकुरत नाही’ एवढे पुरे.

फोटोत न येणाऱ्या गोष्टी कोणत्या?

वास, आवाज, मऊपणा आणि ढेकूण. या चारही गोष्टी फोटोत येत नाहीत आणि खरेदीदाराचा राग बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या गोष्टीवर निघतो.

वासाची परीक्षा घरच्या माणसांना जमत नाही, कारण नाक सरावलेले असते. शेजाऱ्यांना बोलवा आणि गादीची चेन उघडून आतला वास घ्यायला सांगा. पावसाळ्यात भिंतीला टेकून ठेवलेल्या सोफ्याच्या पाठीला कुबट वास हमखास असतो. घरात सिगारेट ओढली जात असेल किंवा मांजर-कुत्रा असेल, तर ते लिहायलाच हवे. ॲलर्जी असलेल्या माणसासाठी ही माहिती डागापेक्षा महत्त्वाची असते.

ढेकणांसाठी मोबाइलचा टॉर्च लावून शिवणी, चेनची कड आणि तळाच्या कापडाचे कोपरे पाहा. शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग किंवा टाकलेल्या फिकट तपकिरी काती दिसल्या, तर जाहिरात थांबवा. ढेकूण असलेला सोफा कमी किमतीतही विकू नये, कारण तो समोरच्याच्या घरभर पसरतो. पेस्ट कंट्रोल केले, तरी लगेच विकायची घाई नको. अंडी फुटायला साधारण आठवडा-दीड आठवडा जातो. त्यामुळे दुसरी फवारणी आणि त्यानंतरची तपासणी झाल्यावरच ‘ढेकूण नाहीत’ असे लिहिता येते.

आवाजासाठी तिन्ही जागांवर बसून उठून पाहा. मऊपणासाठी ‘कडक’, ‘मध्यम’, ‘मऊ’ यांपैकी एक शब्द लिहा. पाठीचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांसाठी सोफा घेणारा हाच प्रश्न विचारतो. त्यांच्यासाठी बसायची उंचीही द्या. कोथरूडच्या सोफ्याची ती ४३ सेंटिमीटर आहे.

किंमत कशी ठरवायची?

इथे बहुतेक जण बिल काढून बसतात. ‘३२,०००ला घेतला होता, सहाच वर्षे झाली, १८,००० तरी यायला हवेत.’ काहींना ऑफिसच्या हिशोबातला घसाराही आठवतो. प्राप्तिकराच्या नियमांत व्यवसायाच्या फर्निचरवर वर्षाला १० टक्के घसारा धरतात, तोही दरवर्षी शिल्लक रकमेवर. तो लावला, तर ३२,०००चे सहा वर्षांनी साधारण १७,००० उरतात. पण हा आकडा हिशोबाच्या वहीसाठी आहे. समोरचा माणूस तुमची वही पाहत नाही, तो स्वतःचे पर्याय पाहतो.

म्हणून हिशोब उलट्या बाजूने करायचा, खरेदीदाराच्या बाजूने. कोथरूडच्या सोफ्याचे आकडे असे आहेत. शहर, सोफा आणि कारागीर बदलले की आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

पहिली पायरी: तसाच सोफा आज नवा घ्यायचा तर कितीला पडतो? तेच माप, तेच कापड, तशीच फ्रेम पाहिली, तर ३६,००० रुपये, घरपोच.

दुसरी पायरी: अजून किती वर्षे निघतील? अशा सोफ्याकडून घरात साधारण दहा वर्षांची अपेक्षा ठेवली, तर सहा गेली, चार उरली. म्हणजे ४० टक्के. ३६,०००चे ४० टक्के १४,४००. वयाप्रमाणे होणारी साधी झीज, म्हणजे थोडे फिके होणे, बारीक गोळे, ओरखडे, हे यातच आले. त्यासाठी पुन्हा पैसे वजा करायचे नाहीत.

तिसरी पायरी: वयापेक्षा जास्त झालेले नुकसान. एका गादीचा फोम बदलायला कारागिराने १,५०० सांगितले आणि तेलाच्या डागासाठी सोफा शॅम्पूचे १,०००. हे वजा केल्यावर उरले ११,९००.

चौथी पायरी: खरेदीदाराचा वरखर्च. नवा सोफा घरपोच येतो, हा आणायला टेम्पो आणि दोन हमाल लागतात. त्याचे २,००० धरले, तर उरले ९,९००. वॉरंटी नाही, परत करायची सोय नाही, हेही त्याच्या मनात असतेच.

म्हणजे या सोफ्याची योग्य किंमत दहा हजारांच्या आसपास. १८,००० नाही.

पाचवी पायरी म्हणजे बाजाराशी ताळा. तशाच सोफ्यांच्या जाहिराती पाहताना एक चूक होते. ‘सगळे १५,००० मागताहेत’ याचा अर्थ १५,०००ला विकले जात आहेत, असा नाही. महिनाभर तशीच असलेली जाहिरात ही किंमत नाही, ती फक्त अपेक्षा आहे. दोन-तीन दिवसांत निघून गेलेल्या जाहिराती कितीच्या होत्या, हे जास्त उपयोगी. सोसायटीत अलीकडे कोणी सोफा विकला असेल, तर हातात किती आले, ते सरळ विचारावे.

घासाघीस होणारच. म्हणून १०,५०० लिहून मनात ९,५०० ठेवणे ठीक. पण ‘कमी-जास्त करता येईल’ म्हणून १५,००० लिहिले, तर १०,०००पर्यंतच शोधणाऱ्याला जाहिरात दिसणारच नाही, कारण ॲपमध्ये तो किमतीचा फिल्टर लावून बसलेला असतो.

शेवटी हातातले दिवस. १२ दिवस असतील, तर पहिले पाच दिवस १०,५००, मग ९,५००, शेवटचे तीन दिवस ८,०००. घर सोडायच्या दिवशी सोफा पडून राहिला, तर भंगारवाला त्याचे जेमतेम काहीशे देतो, कधी उचलून न्यायचे उलट पैसे मागतो. खालची मर्यादा ती आहे, हे लक्षात ठेवले की ८,००० कमी वाटत नाहीत.

रेक्झिनचे पापुद्रे सुटलेल्या सोफ्याला हाच हिशोब लावला, तर तिसऱ्या पायरीत पूर्ण कव्हरचा खर्च वजा होतो आणि उत्तर अनेकदा शून्याजवळ येते. मग तो ‘फक्त फ्रेमच्या किमतीत’ किंवा ‘मोफत, स्वतः घेऊन जावे’ असा द्यावा. तोही प्रामाणिक भावच.

तयार जाहिरात कशी दिसते?

> थ्री-सीटर कापडी सोफा, राखाडी, ६ वर्षे वापरलेला. कोथरूड, पुणे. १०,५०० रुपये
>
> माप: लांबी १९८, खोली ८४, उंची ८० सेंमी. बसायची उंची ४३ सेंमी. पाय निघतात. तीन गाद्या सुट्या, चेनची कव्हरे.
>
> चांगले: लाकडी फ्रेम मजबूत, कुरकुरत नाही. खालचा आधार ठीक. मधली आणि उजवी गादी मध्यम कडक.
>
> दोष: १) डाव्या गादीचा फोम ४ सेंमी दबला आहे (फोटो ५). फोम बदलायचे कारागिराने १,५०० सांगितले. २) पाठीला डोके टेकते तिथे तेलाचा काळपटपणा (फोटो ७). पुसून पूर्ण जात नाही. ३) उजव्या हाताला मांजराचे ओरखडे, १२ सेंमी, फाटलेले नाही (फोटो ८). ४) खिडकीकडची बाजू थोडी फिकी.
>
> घरात मांजर आहे. सिगारेट नाही. ढेकूण नाहीत, टॉर्चने तपासले आहे. पहिल्या मालकाकडून, बिल आहे.
>
> वरचे दोष धरूनच किंमत लावली आहे. दुसरा मजला, लिफ्टमध्ये मावत नाही, जिना रुंद आहे. टेम्पो आणि हमाल तुमचे. २८ तारखेपर्यंत न्यावा लागेल. बसून बघायला सायंकाळी ७ नंतर या.

‘वरचे दोष धरूनच किंमत लावली आहे’ हे वाक्य घासाघिशीत कामाला येते. कोणी आल्यावर ‘ताई, गादी दबली आहे, दोन हजार कमी करा’ म्हणाला, तर उत्तर तयार असते. ‘हो दादा, जाहिरातीत लिहिलंय, त्याचे पैसे आधीच कमी केलेत.’ लपवलेल्या दोषावर मात्र असे उत्तर देता येत नाही.

मजला आणि लिफ्टची ओळही वगळू नका. सोफा दारातून निघत नाही, हे हमाल आल्यावर कळले, तर हमालीवरून वाद होतो.

टोकन घेताना काय पाहायचे?

प्रत्यक्ष न पाहता ‘लगेच पूर्ण पैसे पाठवतो, फक्त क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्यापासून सावध राहा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. पिन विचारला गेला, म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जात आहेत. सोफा पाहून झाल्यावर ५०० किंवा १,००० टोकन घ्यावे आणि मेसेजवर लिहून ठेवावे: किती ठरले, कधी नेणार, नाही नेला तर टोकनचे काय. बाकीचे पैसे सोफा टेम्पोत चढण्याआधी खात्यात आले आहेत का, ते समोरच्याच्या स्क्रीनवर न पाहता स्वतःच्या बँक ॲपमध्ये पाहावे.

‘जैसे थे’ लिहिले की जबाबदारी संपते का?

पूर्णपणे नाही. भारतीय करार कायदा, १८७२च्या कलम १७नुसार, समोरच्याला फसवण्यासाठी माहीत असलेली गोष्ट सक्रियपणे लपवणे हा कपट ठरतो. नुसते गप्प राहणे दरवेळी कपट ठरत नाही. पण डागाची बाजू मुद्दाम खाली फिरवणे किंवा ‘ढेकूण आहेत का?’ असे विचारल्यावर माहीत असून ‘नाही’ म्हणणे, ही वेगळी गोष्ट आहे. अशा वेळी कलम १९नुसार खरेदीदाराला व्यवहार रद्द करण्याची मागणी करता येते. दहा हजारांच्या सोफ्यासाठी कोणी कोर्टात सहसा जात नाही, हे खरे. पण जाहिरातीत दोष लिहिलेले असले, तर ‘तुम्ही सांगितलं नव्हतं’ हा वाद सुरूच होत नाही. म्हणून सोफा गेल्यावरही जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवावा.

कोथरूडच्या उदाहरणात नवी जाहिरात टाकल्यावर मेसेज आधीपेक्षा कमी येतील. ज्याला डाग चालत नाही, तो येणारच नाही आणि तेच बरे. जो येईल, तो फोमचे १,५०० मनात धरूनच येईल, डाव्या बाजूला बसून पाहील आणि हजारभर रुपये कमी करून मागेल. ९,५०० ला सौदा होईल. १८,०००च्या मानाने आकडा लहान आहे, पण टेम्पो या वेळी रिकामा जाणार नाही.